शेवटून वाचा

चांदनी चौकात लेहंगा घ्यायला जाणं हा उत्तरेकडच्या लग्नघरांचा एक विधीच आहे. डिसेंबर २०२५मध्ये तिथल्या एका कपड्यांच्या दुकानात एका ग्राहकाने असाच लेहंगा पसंत केला आणि क्यूआर कोड स्कॅन करून दोन वेळा मिळून १ लाख ४० हजार रुपये भरले. पैसे खात्यातून गेले. दुकानदार म्हणाला, आमच्याकडे काही आलेलं नाही. प्रकरण दिल्ली पोलिसांच्या सायबर शाखेकडे गेलं, तपास राजस्थानात पोचला आणि जयपूरकडच्या एका तरुणाला अटक झाली. दुकानाच्या कोडमध्ये फेरफार करून पैसे भलत्याच खात्यात वळवले गेले होते.

बातमी वाचल्यापासून मी त्या दोन माणसांचा विचार करतोय. ग्राहक खरं बोलतोय, त्याच्या मोबाईलवर हिरवी खूण आहे. दुकानदारही खरं बोलतोय, त्याच्या खात्यात रुपया नाही. दोघंही प्रामाणिक, आणि तरी दोघांनाही समोरचा लबाड वाटावा अशी सोय तिसऱ्याने करून ठेवलेली. खिसेकापू निदान आपल्या दोघांत भांडण लावून जात नाही.

कोड स्कॅन करणं आणि पिन टाकणं यांच्या मधे मोबाईल एक ओळ दाखवतो. पैसे द्यायचे असतील तर त्या ओळीत नाव असतं, एखादं पान उघडायचं असेल तर पत्ता असतो. काळ्या-पांढऱ्या चौकटींची ती जाळी माणसाला वाचता येत नाही; जाळीत जे लिहिलंय ते आपल्या लिपीत आपल्यासमोर येण्याचा हा एवढाच क्षण. आणि नेमका तोच आपण अंगठ्याने पुढे ढकलतो. मागे माणसं उभी असतात, दुकानदाराला घाई असते, रिक्षावाला इंजिन बंद करायला तयार नसतो. दिल्लीत तर रांगेत दोन सेकंद थांबलेला माणूस हा सार्वजनिक अपराधीच.

क्यूआर कोड जन्माला आला १९९४मध्ये, जपानच्या डेन्सो वेव्ह या कंपनीत. मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मोटारींच्या सुट्या भागांची नोंद भराभर करायची होती. कारखान्यात कोड छापणारा आपला, चिकटवणारा आपला आणि वाचणाराही आपलाच. त्यामुळे हा कोड कुणी लावला, हे कोडने सांगण्याची गरजच कुणाला पडली नाही. पुढे तोच कोड कारखान्याच्या भिंतीबाहेर येऊन चाट-पकोड्याच्या गाडीवर बसला, पण त्याची ही भोळी वृत्ती बदलली नाही. त्याच्या पोटात असतो तो फक्त मजकूर. दुकानदाराच्या साध्या यूपीआय कोडमध्ये साधारण असा:

```
upi://pay?pa=ramesh123@bank&pn=Ramesh%20Chaat&cu=INR
```

यात `pa` म्हणजे पैसे ज्या खात्याकडे जायचे तो यूपीआय पत्ता. `pn` म्हणजे घेणाऱ्याचं नाव. `cu` म्हणजे चलन. रक्कम लिहिलेली नाही, कारण ती ग्राहक टाकणार. आता खोडी कुठे आहे पाहा. पैसे जातात ते `pa` मधल्या पत्त्यावर. `pn` मध्ये काय लिहायचं हे कोड बनवणाऱ्याच्या मर्जीवर. चोराने पत्ता स्वतःचा ठेवला आणि नाव मात्र ‘रमेश चाट’ असंच राहू दिलं, तर कोडच्या दृष्टीने त्यात काहीच गैर नाही. ॲप हेच नाव दाखवत बसलं तर ग्राहकाने कितीही डोळे फाडून पाहिलं तरी उपयोग शून्य.

ही फट बुजवण्यासाठी एनपीसीआयने, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेने, २०२५च्या एप्रिलमध्ये ॲपवाल्यांना सांगितलं की पैसे भरण्याआधी बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवा. कोडमधून उचललेलं किंवा पैसे देणाऱ्याने स्वतः मोबाईलमध्ये ठेवलेलं नाव दाखवू नका. अंमलबजावणीची मुदत होती ३० जून २०२५. माणसा-माणसातले व्यवहार आणि छोट्या दुकानदारांचे व्यवहार यांना हा नियम लागू आहे. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण त्याने त्या एका ओळीला वजन आलं. आता तिथे जे नाव येतं ते चोराने टाईप केलेलं नसतं, बँकेने खातं उघडताना लिहून घेतलेलं असतं. खातं भाड्याने घेतलेलं असू शकतं, पण नाव कुणाचं तरी खरं असतं, आणि ते रमेशचं नसतं.

नाव वाचल्याने काय होतं याचं उदाहरण दिल्लीबाहेरचं आहे, खजुराहोचं. जानेवारी २०२५मध्ये तिथे एका रात्रीत काही दुकानांचे आणि एका पेट्रोल पंपाचे कोड बदलले गेले. जुन्या कोडवर नवे कागद चिकटवून टोळी निघून गेली. सीसीटीव्हीत ते दिसलंही, पण कॅमेरा रात्री कोण पाहतो? सकाळी दुकानं उघडली. गिऱ्हाईक आलं, स्कॅन केलं, पैसे दिले. औषधांच्या दुकानात एका ग्राहकाने मात्र विचारलं, की खात्याचं नाव दुसरंच का येतंय? तेव्हा दुकानाच्या मालकीणबाईंना कळलं. पोलिसांचा सापळा नाही, बँकेची यंत्रणा नाही. एका माणसाने ओळ वाचली आणि तोंड उघडलं, एवढंच.

माझ्या नोएडाच्या बाजारात मोमोवाल्याच्या गाडीवर चार कोड आहेत. एक काचेवर, दोन छत्रीच्या दांड्याला बांधलेल्या पाटीवर आणि एक पैसे ठेवायच्या डब्याच्या झाकणावर, तोही चटणीच्या डागांनी थोडा झाकलेला. पाटीवरच्या एका कोडखाली जुना कोड डोकावतोय. पहिल्या कंपनीचा माणूस आला, त्याने आपला लावला. दुसरीचा आला, त्याने त्यावर आपला लावला. म्हणजे ‘स्टिकरवर स्टिकर दिसलं की फसवणूक’ हा नियम इथे लावला तर निम्मी दिल्ली उपाशी राहील. थर दिसला तर संशय घ्यावा, निकाल देऊ नये. निकाल नावावर.

तरी थर ओळखता येतो, आणि ओळखायला फार कौशल्य लागत नाही. बोटाचं नख कोडच्या कडेवरून फिरवा. कंपनीने दिलेल्या पाटीवर कोड, दुकानाचं नाव आणि खालचा यूपीआय पत्ता हे सगळं एकाच पत्र्यावर किंवा एकाच प्लास्टिकवर एकत्र छापलेलं असतं. नख मधे कुठेच अडकत नाही. वरून चिकटवलेला तुकडा असेल तर कोडच्या चौकोनाभोवतीच कड लागते. हवेचे फुगे, एका कोपऱ्याची सुटलेली गोंदाची बाजू, पाटी उन्हाने पिवळी पडलेली आणि कोड मात्र पांढराफटक, पाटी चकचकीत आणि कोड कागदासारखा मंद. पाटीवर छापलेला यूपीआय पत्ता आणि स्कॅन केल्यावर मोबाईलवर येणारा पत्ता जुळतो का, हे तर ज्याला वाचता येतं त्याला पाहता येतं. बऱ्याचदा चोर फक्त जाळीवर जाळी लावतो आणि खालची ओळ विसरतो.

उलट, कोड फाटलाय, त्याच्यावर डाग आहे, मधे कंपनीचं बोधचिन्ह बसवलंय, या खुणा छेडछाडीच्या नव्हेत. क्यूआर कोड मुळातच नुकसान सोसायला बनवलेला आहे. त्याच्यात जास्तीचा मजकूर भरलेला असतो आणि सर्वांत वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी उरलेल्यावरून सगळं परत जुळवता येतं. म्हणूनच चटणीचा डाग चालतो. आणि म्हणूनच पेनाने दोन-चार चौकोन काळे करून चोराला पत्ता बदलता येत नाही; कोड ती खाडाखोड चूक समजून दुरुस्त करून टाकतो, नाहीतर सरळ वाचायलाच नकार देतो. फसवायचं तर अख्खा चौकोन झाकावा लागतो. आपल्या नखाला सापडेल अशी कड त्याला ठेवावीच लागते.

नाव विचारण्याचीही एक पद्धत आहे. बहुतेक जण मोबाईल दुकानदारासमोर धरून विचारतात, “भैया, सुनीता देवी आ रहा है, सही है ना?” कढईत लक्ष असलेला माणूस मान हलवतो. त्याने काय ऐकलं, देवच जाणे. त्यापेक्षा उलटं विचारावं: “नाम क्या आएगा?” आता नाव त्याला सांगावं लागतं. ते तुमच्या पडद्यावरच्या नावाशी जुळलं तर पिन टाका. गाडीवर ‘शर्मा जी’ लिहिलेलं आणि खातं सुनीताच्या नावावर, यात काही विशेष नाही. बायकोच्या, मुलाच्या, मेव्हण्याच्या नावावर खातं असणं ही आपल्याकडची रीत आहे. पण ते नाव त्याच्या तोंडून आधी यायला हवं.

आता तो बोलणारा डबा. “पेटीएम पर पचास रुपये प्राप्त हुए” हा आवाज दिल्लीच्या बाजारात भोंग्याइतकाच ओळखीचा झालाय. हा डबा दुकानदाराच्या खात्याशी जोडलेला असतो, पाटीवरच्या कागदाशी त्याचा संबंध नसतो. त्यामुळे कोड बदलला गेला असेल तर पैसे जातात आणि डबा गप्प बसतो. डबा गप्प बसला की आपण नेटवर्कला दोष देतो. कधी तो दोष खराही असतो. पण ओळीने तीन गिऱ्हाइकांना डबा बोलला नाही आणि तिघांच्याही मोबाईलवर हिरवी खूण आली, तर नेटवर्क बाजूला ठेवून आधी पाटी पाहायला हवी. ग्राहकाने पैसे दिलेले असतात, माल नेलेला असतो. या प्रकारात बहुतेक वेळा बुडतो तो दुकानदार.

वेब पत्त्याचे कोड हे वेगळं प्रकरण आहे, आणि तिथे बुडतो तो आपणच. पार्किंगची पाटी, हॉटेलातलं मेन्यूचं कार्ड, वीजबिलाच्या कागदावरचा कोपरा, इस्पितळातला ‘अभिप्राय द्या’ असा फलक. हा कोड मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅन केला की पडद्यावर एक पट्टी येते आणि तीत पत्ता दिसतो. आयफोनवर ती पिवळी असते आणि पत्त्याचा मुख्य भागच दाखवते. अँड्रॉइडवर पत्ता थोडा लांब दिसतो, पण तोही पुष्कळदा शेवटाकडे कापलेला. बोट लावल्याशिवाय पान उघडत नाही. तो पत्ता वाचायचा कसा, इथे खरी गोम आहे, कारण तो आपल्या सवयीने डावीकडून वाचला तर फसायला होतं.

समजा दिल्ली महापालिकेच्या पार्किंगच्या पाटीवर कोड आहे. महापालिकेचं संकेतस्थळ `mcdonline.nic.in` असं आहे. पडद्यावर हे आलं:

```
https://mcdonline.nic.in.example.com/parking
```

डोळा `mcdonline.nic.in` वर जातो आणि समाधान पावतो. (`example.com` हे नाव नमुने दाखवण्यासाठीच राखून ठेवलेलं आहे, म्हणून इथे वापरलं, चोराने तिथे दुसरं काहीतरी ठेवलं असतं.) `https://` नंतर जी पहिली एकटी तिरकी रेघ येते तिथे थांबायचं आणि तिथून डावीकडे मागे मागे वाचत यायचं. आधी `com`, मग `example`. मालक ठरला: `example.com`. त्याच्या डावीकडे जे काही लिहिलंय ते त्या मालकाने आपल्या मनाने लिहिलंय, तिथे तो महापालिका लिहील, स्टेट बँक लिहील, राष्ट्रपती भवन लिहील. पोस्टमन पाकीट हातात घेतल्यावर आधी पिनकोड आणि गाव पाहतो, घराचं नाव सर्वांत शेवटी, तसंच हे. घराला ‘शनिवारवाडा’ नाव दिलं म्हणून ते पुण्यात येत नाही.

आपल्या देशात या शेवटाचा एक फायदा आहे. `gov.in` आणि `nic.in` ही शेपटं सरकारी कार्यालयांनाच मिळतात. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी `bank.in` हे वेगळं शेपूट आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत आपापली संकेतस्थळं त्यावर न्यायला सांगितलं. ही शेपटं कुणालाही बाजारात विकत मिळत नाहीत, म्हणून ती शेवटी दिसली तर विश्वास ठेवायला आधार आहे. मधे कुठेतरी दिसली तर काडीचाही नाही. पत्त्यात त्या पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी `@` दिसलं तर मात्र आणखी सावध. तिथे `@` च्या आधीचं सगळं नुसती सजावट असते, खरा पत्ता त्याच्या पुढे सुरू होतो.

हा पत्ता दाखवणारी पट्टी स्वतः खोटं बोलू शकते का? एकदा बोलली आहे. मार्च २०१८मध्ये रोमन म्युलर या जर्मन संशोधकाने दाखवून दिलं की आयफोनच्या कॅमेऱ्याला विशिष्ट पद्धतीने लिहिलेला पत्ता दिला तर पट्टीत `facebook.com` दिसतं आणि उघडतं मात्र दुसरंच पान. ॲपलने पुढच्या महिन्यात दुरुस्ती दिली. म्हणून फोन अद्ययावत ठेवायचा आणि पान उघडल्यावर वरच्या पट्टीतला पत्ता पुन्हा एकदा पाहायचा. `bit.ly` सारखे आखूड पत्ते तर पट्टीत काहीच सांगत नाहीत; तिथे पान उघडल्यावरच्या पत्त्यावाचून इलाज नाही. तेवढ्याने घाबरायचं कारण नाही. पान नुसतं उघडलं म्हणून सहसा खातं रिकामं होत नाही. रिकामं होतं ते त्या पानावर कार्डाचा नंबर आणि ओटीपी भरल्यावर, किंवा तिथून एखादं ॲप उतरवून घेतल्यावर.

इंग्लंडच्या थॉर्नबी रेल्वे स्थानकातलं प्रकरण यासाठीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. २०२३मध्ये तिथल्या पार्किंगमध्ये ७१ वर्षांच्या एका बाईंनी पाटीवरचा कोड स्कॅन केला. खऱ्या कोडवर खोटं स्टिकर होतं. बनावट पानावर त्यांनी कार्डाचे तपशील भरले. बँकेने पैसे काढायचे सुरुवातीचे प्रयत्न अडवले होते. पण मग चोरांनीच बँकेचे कर्मचारी म्हणून त्यांना फोन केला, आणि शेवटी १३,००० पौंडांचा फटका बसला. स्टिकर हा फक्त दरवाजा होता. पार्किंगचे चार पैसे चोराला नकोच होते, त्याला हवा होता कार्डाचा नंबर आणि एक घाबरलेला माणूस.

आपल्याकडे यातून एक सोपी वाट निघते. पैसे द्यायचे असतील तर कोड मोबाईलच्या कॅमेऱ्याने स्कॅनच करू नका. पैसे भरायच्या ॲपमधूनच करा. त्या ॲपला यूपीआयचा मजकूर कळतो, वेब पत्ता पुढे आला तर ते सहसा नकार देतं. पार्किंगचे चाळीस रुपये देण्यासाठी एखादं पान कार्डाचा नंबर मागत असेल तर पाटीवर नख फिरवायची वेळ झाली आहे, किंवा सरळ खाकी शर्टातल्या माणसाला रोख देऊन पावती घ्यायची. आणि पैसे *मिळण्यासाठी* कोड स्कॅन करा, पिन टाका असं कुणी सांगत असेल तर तो लबाड आहे, चर्चेची गरज नाही. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

पैसे गेलेच तर १९३० हा क्रमांक लगेच फिरवायचा, `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. उशीर जितका कमी, तितकी पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवले जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक ॲपमध्ये असतो, तो जवळ ठेवायचा.

दुकानं असणाऱ्या वाचकांना मात्र एक वेगळी विनंती. चोर रात्री येतो, म्हणून तपासणी सकाळी हवी. शटर वर केल्यावर, झाडून झाल्यावर, देवाला उदबत्ती लावली की आपल्याच मोबाईलने आपलाच कोड स्कॅन करा आणि पुढचं बटण न दाबता नाव पाहा. पाटी बाहेर टांगलेली असेल तर रात्री ती आत घ्या. जुने, बंद पडलेले कोड खरवडून काढा. पाटीवर एकच थर राहिला तर दुसरा थर कुणी चढवला हे तुमच्या पोऱ्यालाही लांबून दिसेल. आणि खातं ज्याच्या नावावर आहे ते नाव पाटीशेजारी खडूने का होईना, मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, म्हणजे गिऱ्हाइकाला विचारावंही लागणार नाही.